आजी आणि नात, एकाच चेहऱ्यात

प्रश्न: आजीचा आणि माझा फोटो मिसळून एकच चेहरा करायचाय. GIMP मध्ये वरच्या थराची ओपॅसिटी ५०% केली, पण भुतासारखं दिसतं. काय चुकतंय?

उत्तर: रंग मिसळले, आकार मिसळायचा राहिला. म्हणून ओठांना दोन कडा आणि जबड्याला दुहेरी रेघ दिसते.

आधी एक फोटो लहानमोठा करून, फिरवून दोघींची बुबुळं एकावर एक आणा. मग Warp Transform घेऊन दोन्ही चेहरे निम्म्या वाटेवर सरकवा. आजीचं नाक रुंद असेल तर ते थोडं आत, तुमचं थोडं बाहेर. फक्त तुमचाच चेहरा आजीच्या साच्यात ओढलात तर ठेवण सगळी तिचीच राहील. ते मिश्रण नव्हे. कडा जुळल्या की मगच ५०%.

आता त्वचा गुळगुळीत वाटेल, कारण सरासरीत सुरकुत्या पुसट होतात. मला तर त्या हव्याच असतात! आजीच्या सरकवलेल्या थराची प्रत सगळ्यात वर ठेवा, ओपॅसिटी १००% करा, तिला High Pass लावा आणि मोड Overlay करा. सुरकुत्या परत येतील. डोळ्यांभोवती दुहेरी पापण्या उरल्याच, तर मास्क लावून डोळे एकीचेच ठेवा.

दोन्ही फोटोंत मान एकाच बाजूला वळलेली नसेल तर मात्र दुसरा फोटो शोधा.