‘रे’ बाजू, ‘सि’ बाजू आणि ‘रेसेमिक’

प्रश्न : आमच्या टिपणांत ‘कीटोन सपाट असल्यामुळे हायड्राइडच्या हल्ल्यातून रेसेमिक अल्कोहोल मिळते’ असे वाक्य आहे. यातल्या ‘रे’ आणि ‘सि’ बाजू म्हणजे नेमके काय? ‘रे’ बाजूने हल्ला झाला की ‘आर’ अल्कोहोल मिळते, असे समजायचे का? आणि ‘प्रोकायरल’ला मराठी शब्द कोणता वापरावा?

उत्तर : ‘रे’ आणि ‘सि’ ही रेक्टस आणि सिनिस्टर या लॅटिन शब्दांची पहिली अक्षरे आहेत, आणि ‘आर’ व ‘एस’ या खुणाही त्याच दोन शब्दांवरून आल्या आहेत. सिनिस्टर म्हणजे डावा, हे सरळ आहे. रेक्टसचा मूळ अर्थ मात्र ‘सरळ, योग्य’ असा आहे. लॅटिनमध्ये उजव्याला डेक्स्टर म्हणतात, पण तो शब्द प्रकाशाचे प्रतल उजवीकडे वळवणाऱ्या पदार्थांच्या खुणेत आधीच गुंतलेला होता. त्रिकोणी मांडणीच्या अणूच्या दोन बाजूंना ‘रे’ आणि ‘सि’ म्हणण्याची पद्धत केनेथ हॅन्सन यांनी 1966 मध्ये मांडली. नावे एकाच घरातली असल्यामुळे ‘रे’मधून ‘आर’ निघेल असे वाटणे स्वाभाविक आहे, पण तसे होत नाही.

ॲसिटोफिनोन घ्या. पातळ कागदावर मध्यभागी कार्बोनिलचा कार्बन मांडा. वर ऑक्सिजन, खाली उजवीकडे फिनाइल आणि खाली डावीकडे मिथाइल काढा. अग्रक्रम अणुक्रमांकावरून ठरतो, म्हणून ऑक्सिजन पहिला. उरलेले दोन्ही गट कार्बननेच जोडलेले आहेत, तेव्हा एक पाऊल पुढे जाऊन पाहायचे : फिनाइलच्या कार्बनला पुढे कार्बनच कार्बन आहेत, मिथाइलच्या कार्बनला तीन हायड्रोजन. म्हणून फिनाइल दुसरा आणि मिथाइल तिसरा. आता ऑक्सिजनवरून फिनाइलकडे आणि तिथून मिथाइलकडे बोट फिरवा. ते घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते, म्हणून तुमच्याकडे असलेली बाजू ‘रे’. तोच कागद खिडकीच्या काचेला लावून मागून पाहिला, तर तोच क्रम उलटा फिरताना दिसतो. ती ‘सि’ बाजू. म्हणजे ही नावे बघणारा कुठे उभा आहे यावरून ठरतात, आणि हायड्राइड कोणत्या अंगाने आला एवढेच ती सांगतात.

आता हायड्राइड ‘रे’ बाजूने, म्हणजे तुमच्या डोळ्यांकडून कागदाकडे आला असे धरा. नवा हायड्रोजन तुमच्याकडे रोखलेला राहील आणि बाकीचे तीन गट किंचित मागे सरकतील. ‘आर’ की ‘एस’ ठरवताना मात्र सर्वांत कनिष्ठ गट आपल्यापासून दूर ठेवून पाहावे लागते, आणि इथे कनिष्ठ गट हाच नवा हायड्रोजन आहे. तेव्हा पाहायचे ते कागदाच्या मागून, आणि मागून तोच क्रम उलटा दिसतो. म्हणून ॲसिटोफिनोनच्या ‘रे’ बाजूवर हायड्राइड आला, तर 1-फिनाइलइथेनॉलचे ‘एस’ रूप मिळते.

यावरून ‘रे म्हणजे एस’ असाही नियम करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. तेच अल्कोहोल दुसऱ्या वाटेने करा : बेन्झाल्डिहाइड घ्या आणि ग्रिन्यार अभिक्रियाकारकातून मिथाइल आणा. बेन्झाल्डिहाइडमध्ये क्रम ऑक्सिजन, फिनाइल, हायड्रोजन असा आहे. ‘रे’ बाजूने येणारा मिथाइल गट नव्या केंद्रात तिसऱ्या क्रमांकावर बसतो आणि हायड्रोजन चौथ्यावर जातो. त्यामुळे हिशेब पालटतो आणि ‘आर’ रूप मिळते. बाजूचे नाव आणि उत्पादनाचे नाव स्वतंत्रपणे काढावे. येणाऱ्या गटाचा क्रमांक कळल्याशिवाय एकावरून दुसरे सांगता येत नाही.

आता टिपणांतल्या ‘सपाट असल्यामुळे’ या शब्दांकडे येतो, कारण माझ्या मते खरी अडचण तिथे आहे. सपाटपणामुळे हायड्राइडला दोन्ही बाजूंनी वाट मिळते, एवढेच खरे. दोन्ही वाटांनी सारखेच रेणू का जातात, हे त्यातून कळत नाही. त्याचे कारण असे, की ॲसिटोफिनोन आणि बोरोहायड्राइड हे दोन्ही अकायरल आहेत, आणि म्हणून ‘रे’ बाजूच्या हल्ल्यातली संक्रमण-अवस्था ही ‘सि’ बाजूच्या हल्ल्यातल्या अवस्थेची आरशातली प्रतिमा असते. अकायरल परिसरात आरशातल्या प्रतिमांची ऊर्जा सारखीच असते. ऊर्जा सारखी म्हणून वेग सारखा, आणि वेग सारखा म्हणून ‘आर’ आणि ‘एस’ निम्मे-निम्मे. एकेका रेणूचे पाहिले, तर तो ‘आर’ तरी होतो किंवा ‘एस’ तरी. ‘रेसेमिक’ हे विशेषण रेणूला लागत नाही, ते नमुन्याला लागते. लॅटिन रासेमस म्हणजे घोस, विशेषतः द्राक्षांचा. द्राक्षांशी संबंधित रेसेमिक आम्लावरून हा शब्द आला, आणि त्या आम्लाच्या क्षाराचे उजवे-डावे स्फटिक लुई पाश्चर यांनी 1848 मध्ये हाताने वेगळे केले होते.

प्रयोगशाळेत इथे एक चूक सहज होते. पोलॅरीमीटरने शून्य दाखवले की ‘रेसेमिक अल्कोहोल मिळाले’ अशी नोंद केली जाते. पण अभिक्रिया न झालेले ॲसिटोफिनोनही शून्यच दाखवते. म्हणून आधी अवरक्त वर्णपटात 1685 सेमी⁻¹ च्या आसपासचा कार्बोनिलचा पट्टा गेला आहे आणि हायड्रॉक्सिलचा रुंद पट्टा आला आहे, याची खात्री करावी. त्यानंतर कायरल स्तंभावर सारख्या क्षेत्रफळाची दोन शिखरे दिसली, तर ‘रेसेमिक’ हा शब्द निःशंक वापरावा.

‘प्रोकायरल’ शब्दातला ‘प्रो’ हा ‘अजून झालेले नाही, पण एका पायरीवर आहे’ अशा अर्थाचा आहे : एक गट जोडला की कायरल केंद्र तयार होते. मी ‘प्रोकायरल’ हाच शब्द ठेवीन, कारण ‘कायरल’ मराठी वर्गांत रुळलेला आहे आणि ‘पूर्व-’ लावून केलेला शब्द ‘पूर्वी कायरल असलेला’ असा वाचला जाण्याचा धोका आहे. ॲसिटोनचा कार्बोनिलही तितकाच सपाट आहे, पण तो प्रोकायरल नाही. त्याच्या दोन्ही बाजू एकरूप आहेत, त्यांना ‘रे’ आणि ‘सि’ ही नावेच लागत नाहीत, आणि मिळणारे 2-प्रोपॅनॉल अकायरल असल्यामुळे रेसेमिक असण्याचा प्रश्न उरत नाही.

उलट टोकाला कापूर आहे. त्याच्या कार्बोनिलची मांडणीही सपाटच असते, पण रेणू स्वतः कायरल असल्यामुळे दोन्ही बाजू एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा नसतात. एका बाजूवर दोन मिथाइल गटांचा पूल छपरासारखा पसरलेला असतो, त्यामुळे बोरोहायड्राइडमधला हायड्राइड मुख्यतः दुसऱ्या, मोकळ्या बाजूने येतो. हायड्रॉक्सिल गट पुलाच्या अंगाला ढकलला जातो आणि मुख्यतः आयसोबोर्निऑल मिळते. बोर्निऑल थोडेच असते. अभिक्रियाकारक कायरल असला तरी असेच घडते : बेकरीतल्या यीस्टमधली विकरे ॲसिटोफिनोनला हायड्राइड मुख्यतः ‘रे’ बाजूने देतात आणि ‘एस’ अल्कोहोल वरचढ ठरते, जरी कीटोन तेच आणि तितकेच सपाट असते. म्हणून टिपणांतल्या वाक्यात ‘सपाट असल्यामुळे’च्या जागी ‘कीटोन आणि अभिक्रियाकारक दोन्ही अकायरल असल्यामुळे’ असे लिहावे, आणि ‘कीटोन’च्या आधी ‘प्रोकायरल’ जोडावे.