आयटी वर गेलं, तरी मार्क कापले?

"सर, फायनान्समध्ये एमबीए करतोय. मुंबईच्या इंटरव्ह्यूत दोन सेक्टरचे आकडे देऊन विचारलं, फंडाने बेंचमार्कवर कमावलं ते सेक्टरमुळे की शेअर निवडीमुळे. माझ्या आयटीचं चिन्ह उलटं आलं. परफॉर्मन्स अ‍ॅनालिस्ट व्हायचंय, काय चुकलं?"
– एक विद्यार्थी, मानेवाडा, नागपूर

अरे, तू बहुतेक जादाच्या वजनाला आयटीच्या रिटर्ननेच गुणलं असशील, माझ्याकडे येणारी निम्मी पोरं हेच करतात.

एक उदाहरण घे. बेंचमार्कमध्ये बँका ६०%, रिटर्न १५%. आयटी ४०%, रिटर्न ५%. म्हणजे बेंचमार्क एकूण ११%. फंडाने बँका ४०% वर आणल्या नि त्यात २०% कमावले, आयटी ६०% केलं नि त्यात ७%. फंड एकूण १२.२%, म्हणजे जादा १.२.

आता आयटीचं वजन २० टक्क्यांनी जास्त आहे, त्याला ५ ने गुणलं तर +१ येतं आणि वाटतं वा, मस्त निर्णय! पण बाबा, ते पैसे आयटीत नसते तर पूर्ण बेंचमार्कमध्ये ११ नी वाढले असते ना, म्हणून गुणायचं ५ वजा ११ ने, येतात −१.२. बँकांत वजन २० ने कमी, तिथे १५ वजा ११, म्हणजे −०.८. अलोकेशन −२. गंमत अशी की तुझ्या पद्धतीनेही बँकांचे −३ धरून बेरीज −२च येते, त्यामुळे चूक बेरजेत दिसत नाही, सेक्टरच्या ओळीत दिसते. हा फरक ब्रिन्सन आणि फॅक्लर यांच्या १९८५ च्या पेपरातला, शीटमध्ये एवढंच:

```
=(wp-wb)*(rb-rtot)
```

`wp` म्हणजे सेक्टरचं फंडातलं वजन, `wb` बेंचमार्कमधलं, `rb` त्या सेक्टरचा बेंचमार्कमधला रिटर्न, आणि `rtot` म्हणजे बेंचमार्कचा एकूण रिटर्न.

शेअर निवड बेंचमार्कच्या वजनाने काढ: बँका ०.६ गुणिले ५ म्हणजे ३, आयटी ०.४ गुणिले २ म्हणजे ०.८, मिळून ३.८. −२ आणि ३.८ मिळून १.८, पण हवेत १.२! उरलेले −०.६ म्हणजे इंटरॅक्शन: मॅनेजरने सगळ्यात भारी शेअर बँकांत निवडले आणि वजन नेमकं तिथेच कमी ठेवलं. बरीच ऑफिसं हे निवडीतच टाकतात (फंडाचं वजन वापरलं की ३.२ सरळ येतात), म्हणून तुमच्याकडे इंटरॅक्शन वेगळं दाखवतात का, हे आधीच विचारून घे. मला स्वतःला वेगळं दाखवलेलंच आवडतं.

अजून एक, बेंचमार्क टोटल रिटर्न इंडेक्सच घे. सेबीने फेब्रुवारी २०१८ पासून म्युच्युअल फंडांना तोच सक्तीचा केलाय. साधा प्राइस इंडेक्स लावलास तर फंडाला मिळालेला डिव्हिडंड निवडीची कमाल म्हणून मिरवतो, जवळपास सगळ्याच सेक्टरांत निवड थोडी थोडी प्लस दिसली की आधी हेच तपास.

कोर्स हवा असेल तर सीएफए इन्स्टिट्यूटचं सीआयपीएम याच कामासाठी आहे. पण त्याआधी एखाद्या फंडाची महिन्याची फॅक्टशीट काढून सेक्टरची वजनं स्वतः शीटमध्ये भर. फॅक्टशीटमधली वजनं महिनाअखेरची असतात, म्हणून मागच्या महिन्याची घे. मधे खरेदी-विक्री झाली की तुझी बेरीज फंडाच्या खऱ्या रिटर्नला थोडी चुकेल. किती चुकली ते लिहून ठेव आणि पुढच्या इंटरव्ह्यूला ती शीट घेऊन जा.