उणे सत्तर येतं कुठून? पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचे प्रश्न

मॅडम, व्हायवात मी सांगितलं की पेशीपटलातला पंप तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोनच पोटॅशियम आत घेतो, म्हणून पेशीची आतली बाजू निगेटिव्ह होते. परीक्षक नुसते हसले. चूक काय झाली?

तीन-दोनचा हिशोब बरोबर आहे, चूक 'म्हणून' या शब्दात आहे. दर फेरीला एक धन प्रभार जास्तीचा बाहेर पडतो हे खरं, पण शांत चेतापेशीच्या आत-बाहेर जे उणे ७० मिलिव्होल्टचं व्होल्टेज असतं, त्यापैकी पंपाच्या थेट खात्यावर जेमतेम दोन ते सहा मिलिव्होल्ट जमा होतात. हे पडताळून बघता येतं. उवाबेन नावाचं विष सोडियम-पोटॅशियम पंप अडवतं. ते मोठ्या चेतातंतूला लावलं की व्होल्टेज काही मिलिव्होल्टच घसरतं आणि पुढे बराच वेळ जवळपास तिथेच राहतं. व्होल्टेज पंपच बनवत असता, तर बटण बंद केल्यासारखं ते शून्यावर यायला हवं होतं.

मग बनवतं कोण? एक पेशी डोळ्यांसमोर आणा. आत लिटरमागे १४० मिलिमोल पोटॅशियम, बाहेर फक्त ४. आतल्या पोटॅशियमच्या जोडीला प्रथिनं आणि फॉस्फेटं आहेत, ती ऋण प्रभाराची आणि पटलातून बाहेर न पडणारी. पटलाला अजून एकही छिद्र नाही. आता व्होल्टेज किती? शून्य. प्रमाणात ३५ पटींचा फरक आहे, पण दोन्ही बाजूंना धन आणि ऋण सारखेच आहेत. नुसत्या फरकातून व्होल्टेज तयार होत नाही, हे इथेच पक्कं करा. निम्मे विद्यार्थी इथे घसरतात.

आता पटलात फक्त पोटॅशियमची लीक चॅनेल उघडा. आत गर्दी, बाहेर मोकळं, म्हणून पोटॅशियम बाहेर निघतो. त्याच्याबरोबर धन प्रभार जातो आणि मागे जोडीदार नसलेला ऋण प्रभार उरतो. हा ऋण प्रभार पुढच्या पोटॅशियमला मागे खेचू लागतो. जितके बाहेर जातील तितकी ओढ वाढते, आणि एका क्षणी बाहेर ढकलणारी गर्दी आणि आत ओढणारी वीज यांची बरोबरी होते. या सगळ्यात पंप कुठेच आला नाही.

पंपाचं काम त्याच्या आधीचं आहे. ३५ पटींचा फरक त्यानेच उभा केलेला असतो आणि तोच तो टिकवतो. सोसायटीतल्या गच्चीवरच्या टाकीसारखं समजा. मोटर टाकी भरते, पण नळाला जोर येतो तो टाकीच्या उंचीमुळे. मोटर बंद झाली म्हणून नळ लगेच कोरडा पडत नाही. (ही उपमा इथपर्यंतच चालते. पाण्याला प्रभार नसतो, त्यामुळे मागे खेचणारी ओढ तिच्यात सापडायची नाही.)

पोटॅशियम सारखा बाहेर गळत असेल तर आतला संपत कसा नाही? नंतर आत-बाहेर सारखंच होणार ना?

अंदाजाने बोलण्यापेक्षा मोजूनच बघू. २० मायक्रोमीटर व्यासाची गोल पेशी घ्या. पेशीपटल हे विजेच्या दृष्टीने कपॅसिटर आहे, एका चौरस सेंटिमीटरला साधारण १ मायक्रोफॅरड. या पेशीचं पृष्ठफळ काढून गुणलं तर सुमारे १२.६ पिकोफॅरड मिळतात. तिला ७० मिलिव्होल्टपर्यंत न्यायला लागणारा प्रभार काढा आणि त्याला एका आयनाच्या प्रभाराने भागा. उत्तर येतं साधारण ५५ लाख आयन.

आकडा मोठा वाटला? आता त्याच पेशीतले एकूण पोटॅशियम आयन मोजा. १४० मिलिमोलच्या हिशोबाने ते भरतात सुमारे ३५ हजार कोटी. म्हणजे चौसष्ट हजारांतला एक बाहेर गेला की व्होल्टेज तयार. आतलं प्रमाण १४० होतं ते १३९.९९८ झालं, कुठल्याही प्रयोगशाळेतल्या यंत्राला हा फरक दिसणार नाही.

म्हणून 'पोटॅशियम बाहेर जातो' हे वाक्य ऐकून लोंढे वाहताना कल्पू नका. जास्तीचा प्रभार पटलाच्या दोन्ही अंगांना चिकटून बसलेला असतो. पेशीच्या मधोमध धन आणि ऋण सारखेच असतात.

एका पुस्तकात −९५, दुसऱ्यात −९०, तिसऱ्यात −७०. परीक्षेत कोणता लिहायचा?

तिन्ही बरोबर आहेत, कारण तिन्ही वेगवेगळ्या गोष्टींचे आकडे आहेत. शरीराच्या तापमानाला एकेरी धन प्रभाराच्या आयनासाठी ही बरोबरी किती व्होल्टेजला होते ते सांगणारं नर्न्स्टचं सूत्र असं:

E = 61.5 × log (बाहेरचं प्रमाण ÷ आतलं प्रमाण)

पोटॅशियमसाठी ४ भागिले १४०, म्हणून उणे ९५. पटल फक्त पोटॅशियमलाच वाट देत असतं तर व्होल्टेज इथे थांबलं असतं. पण सोडियमही थोडा आत झिरपतो. त्याचं प्रमाण बाहेर १४२ आणि आत १४, म्हणून त्याचा स्वतःचा आकडा अधिक ६२ च्या आसपास. तो व्होल्टेजला आपल्याकडे ओढतो, पण त्याची वाट अरुंद असल्याने फार ओढू शकत नाही.

किती अरुंद, यावर तुमचं उत्तर ठरतं. सोडियमची वाट पोटॅशियमच्या शंभराव्या हिश्शाएवढी धरून, दोन्ही आयनांचा एकत्र हिशोब करणाऱ्या गोल्डमनच्या समीकरणात घाला, उत्तर उणे ८७ येतं. त्यात पंपाचे दोन-तीन मिळवले की सांगाड्याच्या स्नायूचं उणे ९० तयार. तीच वाट शंभरात चार एवढी रुंद धरली तर उणे ७१ येतं, म्हणजे नेहमीची चेतापेशी. परीक्षेत पेशीचं नाव लिहा आणि मग आकडा.

यातून आणखी एक गोष्ट निघते. उणे ७० ला पोटॅशियम समतोलात नसतो आणि सोडियमही नसतो. एक सतत थोडा बाहेर जातो, दुसरा सतत थोडा आत येतो, आणि ही उसनवारी फेडायला पंप रात्रंदिवस चालू ठेवावा लागतो.

सोडियम आयन पोटॅशियमपेक्षा लहान आहे. मग पोटॅशियमच्या भोकातून तो का जात नाही?

कारण पाण्यात आयन एकटा फिरत नाही, पाण्याच्या रेणूंचा वेढा घेऊन फिरतो. चॅनेलच्या अरुंद भागात शिरताना तो वेढा उतरवावा लागतो आणि त्याला ऊर्जा लागते. पोटॅशियम चॅनेलच्या भिंतीवरचे ऑक्सिजन अणू अशा अंतरावर मांडलेले आहेत की उघडा पोटॅशियम त्यांच्यात चपखल बसतो आणि पाण्याची भरपाई होते. सोडियम लहान पडतो, त्याला सगळ्या बाजूंनी आधार मिळत नाही, म्हणून तो वेढा सोडायला तयार होत नाही. १९९८ मध्ये रॉडरिक मॅकिनन यांच्या गटाने जिवाणूतल्या पोटॅशियम चॅनेलची रचना क्ष-किरणांनी उलगडली तेव्हा ही मांडणी प्रत्यक्ष दिसली.

पंप थांबला की काय होतं, हे माणसाच्या बाबतीत कधी बघायला मिळतं का? की फक्त बेडकाच्या आणि स्क्विडच्या प्रयोगांत?

मिळतं, आणि तेही फ्रिजमध्ये. माझ्या नात्यातल्या एका धडधाकट माणसाचा रिपोर्ट संध्याकाळी हातात आला, पोटॅशियम ६.८. घरात धावपळ. ईसीजी काढला तर अगदी नेहमीचा. चौकशी केली तेव्हा कळलं की नमुना घरी येऊन घेतला होता आणि सेंट्रिफ्यूज न करताच रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला होता. दुसऱ्या दिवशी ताजं रक्त दिलं, लगेच तपासलं, ४.३.

थंडीत पंप जवळजवळ ठप्प होतो. गळतीही मंदावते, पण पंपाइतकी नाही. त्यामुळे तांबड्या पेशींतला पोटॅशियम तासागणिक बाहेरच्या द्रवात उतरत जातो. या पेशी फुटल्या नव्हत्या, म्हणून सीरम लालसर दिसलं नाही आणि कुणाला शंका आली नाही. रक्तपेढीतल्या पिशव्यांतही आठवडे उलटतात तसा पोटॅशियम वाढत जातो, त्याच कारणाने.

एक सावधगिरी: तांबड्या पेशीचं व्होल्टेज मुळातच उणे १० च्या आसपास असतं, कारण तिचं पटल क्लोराइडला सताड उघडं आहे. तेव्हा हे उदाहरण व्होल्टेजचं नाही, टाकी रिकामी होण्याचं आहे. आणि तिला रिकामं व्हायला तास लागतात, क्षण नाही, हेही त्यातच दिसतं.

रक्तात सोडियम १४० च्या वर असतो. मग पोटॅशियम ४ चा ८ झाला तर डॉक्टर एवढे का हादरतात? चारच तर वाढले.

तेच चार मिलिमोल आधी सोडियममध्ये मिळवू. स्नायूपेशी घ्या, १४२ चे १४६ करा, गोल्डमनमध्ये घाला. व्होल्टेज उणे ८६.९ वरून उणे ८६.७ वर येतं, म्हणजे काहीच घडलं नाही. आता पोटॅशियममध्ये मिळवा, ४ चे ८. तीच पेशी उणे ८७ वरून थेट उणे ७२ वर येते. पटलाची मोठी वाट पोटॅशियमची आहे आणि सूत्राला वजाबाकी कळत नाही, भागाकार कळतो. बाहेरचा चार दुप्पट झाला की गुणोत्तर निम्मं होतं.

व्होल्टेज उंबरठ्याजवळ आलं म्हणजे पेशी आणखी सहज पेटेल, असं तुम्हाला वाटेल. सुरुवातीला थोडं तसं होतंही. पण पटल असं अर्धवट चढलेलं राहिलं की व्होल्टेजवर उघडणारी सोडियम चॅनेल निष्क्रिय होऊन बसतात आणि खाली पुरेसं उतरल्याशिवाय परत तयार होत नाहीत. म्हणून रुग्णाचे हातपाय लुळे पडतात, ईसीजीत आधी टी लाट टोकदार उंच होते, मग क्यूआरएस रुंदावत जातो.

उपचार बघा, त्यातही हाच विषय आहे. कॅल्शियम ग्लुकोनेट शिरेतून देतात, पण त्याने रक्तातला पोटॅशियम कणभरही कमी होत नाही. ते फक्त हृदयाच्या पेशींना तात्पुरतं सावरतं. पोटॅशियम खाली आणायला इन्सुलिन देतात. ते पेशींवरच्या सोडियम-पोटॅशियम पंपाचा वेग वाढवतं, आणि पंप बाहेरचा पोटॅशियम आत ओढतो. सोबत ग्लुकोज असतं ते साखर उतरू नये म्हणून.