बावीसच्या आधी अर्ज जायला हवा

हाय,

तुझा मेसेज वाचला. कॅनडात कायम राहायला, म्हणजे पीआरसाठी, आईचं एक्सप्रेस एंट्रीचं प्रोफाइल निवडीच्या यादीत, पूलमध्ये आहे म्हणजे तुझं वय तिथेच थांबलं असं तू धरून चाललीयेस, तर तसं नाहीये. कॅनडात डिपेंडंट मूल म्हणजे 22 च्या आतलं आणि लग्न न झालेलं, आणि वय मोजतात ते पीआरचा पूर्ण अर्ज तिथल्या इमिग्रेशन खात्याकडे पोचला त्या तारखेला. प्रोफाइलची तारीख नाही, अर्ज करायला बोलावणारं इन्व्हिटेशन येतं त्याची पण नाही.

गोंधळ कुठे होतो सांगतो. आईला इन्व्हिटेशन आल्यावर तिचा वाढदिवस झाला तर तिचे वयाचे पॉइंट कापत नाहीत, त्यामुळे लोकांना वाटतं पोराचंही तसंच असणार. पण मुलांना ही सवलत नाही.

समज तुझा बाविसावा वाढदिवस 14 नोव्हेंबरला आहे आणि इन्व्हिटेशन आलं 25 सप्टेंबरला. अर्ज भरायला 60 दिवस, म्हणजे अकाउंटमध्ये मुदत दिसणार 24 नोव्हेंबर. आई निवांत, 20 तारखेला सबमिट करते, तिचा अर्ज एकदम वेळेत, पण तू त्यातून बाहेर. तुझ्या घरासाठी खरी मुदत 13 नोव्हेंबर, आणि तीही फक्त कागदावर, कारण अर्ज अपुरा निघाला तर तो परत येतो आणि ती तारीख धरत नाहीत, नव्याने भरशील तोवर तू 22 ची झालेली असशील.

म्हणून वेळ खाणारे कागद आत्ताच हलव. तू 18 च्या वरची आहेस म्हणजे पोलीस क्लिअरन्स तुझंही लागणार, पासपोर्ट सेवाच्या साइटवरून अर्ज कर, फक्त ते अर्जाच्या वेळी सहा महिन्यांपेक्षा जुनं नको. मेडिकलही ऑगस्ट 2025 पासून अर्जासोबतच द्यावं लागतं आणि तेही त्यांनी ठरवलेल्या डॉक्टरकडूनच, तिथे अपॉइंटमेंट कधी मिळते हे आधी विचारून ठेव.

प्रॉव्हिन्सचं नॉमिनेशन, म्हणजे तिथल्या एखाद्या प्रांताची शिफारस, घ्यायचा विचार असेल तर आईला सांग की तुझ्यासाठी तो रस्ता जास्त सेफ आहे. तिथे प्रॉव्हिन्सकडे नॉमिनेशनचा अर्ज केला त्या दिवशीच वय लॉक होतं, पुढे फेडरल प्रोसेसला कितीही वेळ लागो. नुसतं इंटरेस्ट कळवलेलं मात्र चालत नाही हं, अर्जच लागतो.

अजून एक, साखरपुड्याचं तू सहज लिहिलंयस. लॉक होतं ते फक्त वय. पीआर हातात यायच्या आत लग्न केलंस, नुसतं रजिस्टर केलंस तरी, तू डिपेंडंट राहत नाहीस. घरच्यांना मुहूर्त पुढे ढकलायला सांग.

आणि अर्जाआधी बाविसावा वाढदिवस उलटलाच तर आईची पीआर झाल्यावर ती तुला स्पॉन्सर करेल हा भरवसा धरू नकोस, तिथेही वयाची अट तीच. मग स्टडी परमिट किंवा स्वतःचं प्रोफाइल, सगळं तुझ्या नावाने वेगळं. आईला इन्व्हिटेशन आलं की त्याच दिवशी मला फोन कर.

काका