मंगळ बघताना आधी राशी आणि स्थान वेगळे करा

पत्रिका हातात आली की घरातले आकडे बघून स्थान ठरवू नका. ते आकडे राशींचे असतात. वरचा मधला चौकोन म्हणजे लग्न, तिथून डावीकडे मोजत जायचं. १, ४, ७, ८, १२ यांपैकी कुठे मंगळ असला तर पत्रिका मंगळाची, असं आपल्याकडे धरतात. दक्षिणेत दुसरं स्थानही मोजतात. काही जण चंद्रापासूनही बघतात.

समजा, लग्नात ४ आहे, म्हणजे कर्क लग्न. मंगळ खालच्या मधल्या घरात, तिथे आकडा १०. नवखा माणूस दशमात मंगळ समजून मोकळा होतो. प्रत्यक्षात तो सप्तमात, मकर राशीत आहे. म्हणजे मंगळ आहेच, पण मकर ही त्याची उच्च रास, आणि सप्तमातल्या मकरेच्या मंगळाचा दोष परंपरेने मानत नाहीत. लग्नी मेषेचा किंवा चतुर्थात वृश्चिकेचा मंगळ असला तरी तोच न्याय. अष्टमात कर्केचा, म्हणजे नीचेचा मंगळही त्याच यादीत बसवतात, ते मला काही पटत नाही.

इथे कन्येत गुरू असेल तर त्याची पाचवी दृष्टी या मंगळावर येते, तोही परिहारच. स्थळाच्या पत्रिकेत याच स्थानांत मंगळ किंवा शनी असला तरी जुळवतात.

जन्मवेळ मात्र खात्रीची हवी. लग्न साधारण दोन तासांनी बदलतं. हीच पत्रिका सिंह लग्नाची झाली, तर मंगळ षष्ठात जातो आणि परिहार शोधायचं कारणच उरत नाही.