व्हीएमसी घ्यायचं की जॉबवर्कच चालू ठेवायचं?

प्रश्न: आमचं भोसरीत छोटं युनिट आहे. महिन्याला २,००० ब्रॅकेट बाहेर ७५ रुपये नगाने मशीनिंग करून घेतो. व्हीएमसीचं कोटेशन २६ लाख, जीएसटी वेगळा. शेठ म्हणतात, पैसे कधी सुटतील ते कागदावर दाखव. कसं मांडू?

उत्तर: आधी मशीनला हे काम झेपतं का ते बघा. सायकल टाइम लोडिंग-अनलोडिंग धरून ९ मिनिटं असेल, तर २,००० नगांना ३०० तास लागतील. दोन शिफ्ट, २५ दिवस म्हणजे ४०० तास. सेटिंग, टूल बदल, वीज जाणं धरून हातात ३२० उरतात. म्हणजे जेमतेम बसतं. उरलेल्या २० तासांत बाहेरचं काम घेऊ, असं उत्पन्न मांडू नका. पीओ हातात असेल तरच धरा.

खर्चात नुसतं मशीन नको. फिक्स्चर, टूल होल्डर, स्टॅबिलायझर, केबल, फाउंडेशन मिळून ४ लाख धरा. झाले ३० लाख. जीएसटीचं क्रेडिट मिळत असेल तर तो यात धरू नका. पण तो आधी भरावा लागतो, तेव्हा ती रक्कम खाली वेगळी दाखवा. कर्जाचा हप्ताही पेबॅकमध्ये मिसळायचा नाही, त्याचा कॅश फ्लो स्वतंत्र मांडायचा.

आता बचत. जॉबवर्कचे दीड लाख आणि टेम्पोचे ८,००० वाचतील. त्यातून इन्सर्ट आणि वीज नगाला साडेपंधरा रुपये, म्हणजे ३१,००० वजा. दोन ऑपरेटरचे पगार, कूलंट, मेंटेनन्स मिळून ५२,००० वजा. महिन्याला ७५,००० उरतात, म्हणजे ४० महिने. पहिले तीन महिने ट्रायल आणि रिजेक्शनमध्ये जातील, म्हणून ४३ लिहा. (हे दर माझ्या अंदाजाचे आहेत, तुमचे टाका.)

खरी मेख पुढे आहे. जॉबवर्कमध्ये माल कमी झाला की बिलही कमी होतं. स्वतःच्या मशीनवर ते ५२,००० माल असो वा नसो, जाणारच. ऑर्डर १,४०० नगांवर आली आणि टेम्पोची बचत तेवढीच राहिली असं धरलं, तरी १,१३,००० मधून ७३,७०० वजा जाऊन जेमतेम ३९,३०० सुटतात. माल तीस टक्के घटला, बचत जवळपास निम्मी झाली आणि पेबॅक सहा वर्षांवर गेला. हा आकडा तुम्हीच कागदावर ठेवा, नाहीतर शेठ पहिल्या मिनिटात हाच प्रश्न विचारतील.

म्हणून कस्टमरचं शेड्यूल मागवून ते सोबत जोडा. शिवाय जॉबवर्कवाल्याकडे पाच रुपये कमी मागून बघा. तो ७० वर आला, तर व्हीएमसीची बचत ६५,००० होते आणि तेच ३० लाख सुटायला ट्रायल सोडून ४६ महिने लागतात. शेठना हा पर्यायही त्याच पानावर दिसू द्या.