पार्टोग्राफ: अ‍ॅलर्ट रेषा ओलांडल्यावर हातात किती वेळ असतो?

प्रश्न: मी प्राथमिक आरोग्य केंद्रात नुकतीच स्टाफ नर्स म्हणून लागले आहे. पार्टोग्राफ भरता येतो, पण आलेख अ‍ॅलर्ट रेषेच्या पलीकडे गेला की लगेच पाठवायचं की अ‍ॅक्शन रेषेपर्यंत वाट बघायची? डॉक्टर दरवेळी जागेवर नसतात.

उत्तर:

वाट बघायची नाही. तुमच्याकडे सिझेरियनची सोय नाही, त्यामुळे तुमच्यासाठी अ‍ॅलर्ट रेषा हीच गाडी बोलावायची रेषा. अ‍ॅक्शन रेषा येईल तेव्हा बाई ऑपरेशन थिएटर असलेल्या रुग्णालयात पोचलेली हवी. मुळात दोन रेषांमधलं चार तासांचं अंतर त्यासाठीच आहे. फिलपॉट आणि कॅसल या डॉक्टरांनी १९७२ मध्ये तेव्हाच्या ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेत, या रेषा मांडल्या त्या लांबच्या दवाखान्यांतल्या सुईणींना बाईला वेळेत मोठ्या रुग्णालयात धाडता यावं म्हणून.

मी लेबर रूममध्ये बरीच वर्षं काढली. एक केस सांगते, त्यावरून कागद कसा वाचायचा ते कळेल.

पहिलटकरीण. सकाळी १० वाजता तपासलं तेव्हा पिशवीचं तोंड ४ सेंमी उघडलेलं, दहा मिनिटांत तीन कळा. पहिली खूण नेहमी अ‍ॅलर्ट रेषेवरच करायची, म्हणून ४ सेंमीवर खूण आणि त्याच रकान्याखाली १० ही वेळ. (बाई ६ सेंमीला आली असती तर खूण रेषेवर ६ सेंमीपाशी झाली असती. नवीन मुली इथे हमखास चुकतात.) रेषा तासाला १ सेंमी चढते, म्हणजे दुपारी २ वाजता ८ सेंमी अपेक्षित. दोनला तपासलं तर ६ सेंमीच. खूण रेषेच्या उजवीकडे पडली.

आता ‘दोन सेंमी कमी’ एवढंच वाचू नका, आडवं वाचा. अ‍ॅलर्ट रेषा ६ सेंमीला १२ वाजता होती, अ‍ॅक्शन रेषा ६ सेंमीला ४ वाजता येते. आम्ही दोनवर उभे, म्हणजे हातात उरले दोन तास. रुग्णालय सव्वा तासावर, त्यात गाडी यायचा वेळ धरा. आम्ही तिला लगेच लघवी करायला लावली, भरलेल्या मूत्राशयानेही डोकं अडतं. मग १०८ ला फोन केला, रुग्णालयाला आधी कळवलं आणि पार्टोग्राफ सोबत दिला. ऑक्सिटोसिन मात्र लावलं नाही. ते तुम्हीही प्राथमिक केंद्रात लावू नका.

तिकडे डॉक्टरांनी जे पाहिलं ते महत्त्वाचं, कारण रेषा फक्त ‘उशीर होतोय’ एवढंच सांगते. का होतोय ते बाकीचा कागद आणि हात सांगतात. तिच्या कळा दहा मिनिटांत दोनवर आल्या होत्या, त्याही वीस-पंचवीस सेकंदांच्या. डोकं खाली येत होतं, कवटीची हाडं एकमेकांवर चढलेली नव्हती, बाळाचे ठोके १४०. म्हणजे दोष कळांचा. पाणमोट फोडली, ऑक्सिटोसिनची ड्रिप लावून ठोक्यांवर लक्ष ठेवलं. साडेपाचला ८ सेंमी, पावणेआठला बाळ रडलं.

याच रेषेवर दुसरी बाई उभी असती, दहा मिनिटांत चार-पाच जोरकस कळा, तरी तोंड पुढे उघडत नाही, डोकं वर अडकलेलं, हाडं घट्ट चढलेली, तर तो अडथळा आहे. तिथे ड्रिप लावणं म्हणजे पिशवी फाटायला आमंत्रण. तिला सिझेरियन लागतं. अ‍ॅक्शन रेषा म्हणजे आपोआप सिझेरियन नव्हे, पण ती आल्यावर कारण शोधून निर्णय घ्यायलाच हवा. आपल्या साध्या पार्टोग्राफवर डोकं किती उतरलं आणि हाडं किती चढली याच्या रांगा नसतात, म्हणून ते मी केसपेपरवर लिहायचे.

आणि सगळंच रेषेवर सोडू नका. ठोके १२० च्या खाली किंवा १६० च्या वर राहिले, पाणी हिरवट आलं, रक्तस्राव झाला, बीपी चढलं, तर आलेख रेषेच्या डावीकडे असला तरी हलवायचं.

उलटी चूकही होते. ३ सेंमीवर, अजून कळा नीट बसलेल्या नसताना आलेख सुरू केला तर बाई बिचारी उगाच रेषा ओलांडते आणि विनाकारण रेफर होते. शिवाय तासाला १ सेंमी हा वेग अनेक निरोगी बायकांना जमत नाही. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या नव्या तक्त्यात या दोन रेषाच नाहीत. तो ५ सेंमीपासून सुरू होतो आणि प्रत्येक सेंमीला थांबण्याची वेगळी मर्यादा देतो, उदाहरणार्थ ६ सेंमीवर पाच तास. तुमच्या लेबर रूममध्ये कोणता कागद छापून येतो ते पाहा. दोन्हींचे नियम एकमेकांत मिसळू नका.

शेवटचं: एका बाईला शक्यतो एकाच सिस्टरने तपासावं. माझे ६ सेंमी रात्रपाळीच्या सिस्टरचे ७ असू शकतात, आणि या कागदावर एका सेंमीचा फरक म्हणजे एक तास.